लाल पट्ट्याखालची रेघ

नीलूभाऊ चहा बशीत ओतत. बशीतला पीत आणि कपातला विसरत.

आकडा लिहिताना आधी चिन्ह लिहीत. उणे किंवा अधिक. मग थोडं थांबत, मग आकडा.

कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी मोरीकडे नजर टाकत. नळाखाली तांबूस डाग दिसला की नुसतं "हं" म्हणत. घरच्या बाईला वाटे, मोरी घाण दिसली.

बड्या फुहाऱ्याच्या बाजारात बादली घ्यायला गेले तर तिच्यावरचा जस्ताचा थर नखाने घासून बघत. एक दुकानदार त्यांना लांबून पाहिलं की म्हणे, "आ गए डॉक्टर साहब, बाल्टी की नब्ज देखने."

घरच्या लोखंडी टाकीत त्यांनी जुन्या सेलमधलं जस्त तारेने बांधून सोडलं होतं. दर काही महिन्यांनी ते वर काढत. झिजलेलं असलं की खूष होत. "हे झिजतंय म्हणजे टाकी झिजत नाही," असं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

आणि पोरीची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलने मांडत. दर वाढदिवसाला एक रेघ.

नीलकंठ डोणगावकर हे त्यांचं नाव. कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. मी अधारताल भागात त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होतो. मराठी साहित्यात बीए करून नोकरी शोधत होतो, तेव्हा त्यांनीच मला प्रयोगशाळेत टायपिस्ट म्हणून चिकटवलं. मला नावाने कधी हाक मारली नाही. "काय बीए" म्हणत. वयाने माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, पण मित्र म्हणावं असा मला या गावात तोच एक माणूस होता.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर त्यांनी रंगवलेला एक मोठा तक्ता होता. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो एखाद्या संस्थानाचा नकाशा वाटला.

"नकाशाच आहे," नीलूभाऊ म्हणाले. "लोखंडाचा. पाण्यात पडलं की त्याचं काय होते, त्याचा."

आडव्या रेघेवर पाणी किती आम्ल आणि किती खारं, म्हणजे पीएच. डावीकडे आम्ल, उजवीकडे खार, म्हणजे अल्क. उभ्या रेघेवर व्होल्ट. पाण्यातल्या लोखंडाचा व्होल्ट मोजायचा, पाण्याचा पीएच मोजायचा, आणि दोन्ही मिळून जिथे येतील तिथे बोट ठेवायचं. बोट ज्या रंगावर पडेल ते लोखंडाचं भविष्य. मूळ पुस्तकात तीन भागांना जड इंग्रजी नावं होती. नीलूभाऊंनी कामगारांना कळावं म्हणून तिथे हिंदी शब्द रंगवले होते. लाल भागात 'गलेगा', म्हणजे लोखंड झिजत जाईल. वरच्या पिवळ्या भागात 'ढकेगा', म्हणजे लोखंड स्वतःवर एक पातळ पापुद्रा चढवून त्याच्या आड बसेल. आणि अगदी तळाच्या हिरव्या भागात 'बेफिक्र'. तिथे लोखंडाला पाणी काही करूच शकत नाही. सोन्यासारखं राहतं.

"लालमधून सुटायचे रस्ते किती?" मी विचारलं.

"वर जा, नाही तर खाली जा. उजवीकडे जरा सरकता येते, पाण्यात खार टाकून. पण आपल्या फर्नेसचं पाणी पुढे अॅल्युमिनियमच्या कूलरमधून जाते. अॅल्युमिनियमचा नकाशा वेगळा आहे. खाऱ्यात ते विरघळते. लोखंड वाचवाल आणि तिकडे कूलर खाल."

"आणि लालमध्ये पडलं तर किती दिवसांत गळते?"

"ते हा सांगत नाही, बीए. हा नकाशा आहे, घड्याळ नाही."

हे वाक्य ते प्रत्येकाला सांगत. मला तेव्हा ते आवडलं होतं. आता आठवलं की नको वाटतं.

सगळा प्रश्न होता विजेच्या भट्टीचा. तिला सगळे फर्नेस म्हणत. तिच्या झाकणाला पोलादाची एक पोकळ रिंग होती आणि रिंगच्या पोटात सतत पाणी खेळवलेलं असे, नाही तर ती रिंगच वितळली असती. बाहेरून ज्वाळा, आत पाणी, आणि खाली कित्येक टन वितळलेलं पोलाद. मधे बोटभर जाडीची भिंत.

फर्नेसवर गणपत मुख्य होता. मूळचा भंडाऱ्याकडचा. आवाज भट्टीपेक्षा मोठा. त्यानेच मला समजावलं होतं. "पानी वरून पडलं न, तर वाफ होऊन उडून जाते. भेव नाही. पण पोलादावर तरंगते त्या मळीखाली घुसलं न बाप्पा, मग ते वाट शोधते. मग ना तू, ना मी."

वर्षानुवर्षं त्या पाण्यात क्रोमेट घालत. पिवळी पूड. तिने लोखंड नकाशावर वर चढे, पिवळ्या भागात जाई, पापुद्र्याआड बसे. एकाहत्तरच्या उन्हाळ्यानंतर क्रोमेट येईना. आज वॅगन नाही, उद्या परवाना नाही. पूर्वेकडे काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. नीलूभाऊंनी मग दुसरा रस्ता धरला. रिंगच्या आत जस्ताचे ठोकळे बसवून घेतले. जस्त स्वतः झिजून लोखंडाला खाली ओढतं, हिरव्यात नेऊन ठेवतं. घरच्या टाकीचंच तंत्र.

"नीलूभैया," गणपत हसून म्हणाला, "माझ्या बायकोनं बी मले असंच खाली ओढून ठेवलं आहे. मी बेफिक्र आहो."

"आणि ती झिजते," नीलूभाऊ म्हणाले. गणपतचं हसू जरा कमी झालं.

रोज रिंगचा व्होल्ट मोजायचा. मीटरची एक तार पोलादाला आणि दुसरी एका काचेच्या कांडीला. कांडीत पाऱ्याचा एक क्षार असतो, तिला कॅलोमेल म्हणतात. ती पाण्यात बुडवायची. ठोकळे नवे होते तेव्हा मीटर उणे एकच्या आसपास दाखवी. नीलूभाऊ आकडा ऐकत, क्षणभर डोळे मिटत आणि तक्त्यावर हिरव्यात बोट ठेवत.

ते डोळे का मिटतात, हे मी एकदा विचारलं. उत्तर त्यांनी घरी दिलं, चौकटीपाशी.

त्या वर्षी नीलूभाऊंच्या बायकोच्या, इंदूवहिनींच्या, हट्टाने घरात नवी फरशी झाली होती. जुन्या फरशीवरच नवी बसवली. मग त्यांनी पोरीची, बेबीची, जानेवारीतली रेघ टेपने मोजली, तर आदल्या वर्षी लिहून ठेवलेल्या उंचीपेक्षा पोरगी जवळजवळ वाढलीच नव्हती. इंदूवहिनी घाबरल्या.

"काहून घाबरून राहिली?" नीलूभाऊ म्हणाले. "पोरगी वाढली आहे. जमीन पण वाढली. टेप नव्या फरशीपासून धरला. जुन्या रेघा जुन्या फरशीपासूनच्या. फरशीची जाडी मिळव न."

मग माझ्याकडे वळले. "तसंच आहे ते. नकाशाचा शून्य हायड्रोजनचा. ती जुनी फरशी. पण हायड्रोजन घेऊन फर्नेसवर कोण चढेल? म्हणून आपण कॅलोमेलपासून मोजतो. तो शून्य पाव व्होल्टभर वर आहे. नेमकं म्हणजे पॉइंट चोवीस. मीटर सांगेल त्यात तेवढे मिळवायचे, मग नकाशावर जायचं."

"तक्त्यावर हे कुठे लिहिलंय?"

"लिहायला काय पाहिजे? मीच तर वाचतो."

मी मान डोलावली. मलाही ते पुरेसं वाटलं.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. प्रयोगशाळेच्या काचांवर काळा कागद चिकटवला. दिवसाही दिवे लागत. कारखान्यात तीन पाळ्या होत्याच, आता माणसं एका पाळीतून दुसरीत वाहू लागली. फर्नेस थांबायची ती फक्त माल भरायला. गणपतचे डोळे लाल झाले होते. कांचघरच्या चौकात लोक रेडिओभोवती उभे असत, आणि आम्ही सायकलवरून तिथून जाताना नीलूभाऊ थांबत नसत. "आपली लढाई पाण्याशी आहे," म्हणत. त्यात थट्टा नव्हती.

त्यांना नागरी संरक्षणाच्या प्रशिक्षणाला बोलावणं आलं. वाळूच्या बादल्या, शिट्ट्या, जखमींना उचलणं. नाही म्हणता येत नव्हतं. ते गेले तेव्हा रिंग मोजायचं काम पाळीतल्या माणसांकडे आलं. ते आकडा घेत, प्रयोगशाळेत येत, भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवत आणि जात. मी तिथेच टाइप करत बसलेला असे. बोट रोज हिरव्यात पडे. मला बरं वाटे.

परत आले त्या सकाळी नीलूभाऊंनी कोट काढायच्या आधी विचारलं, "रिंग?"

"हिरव्यात आहे," मी म्हणालो.

"आकडा सांगा, बीए. रंग नको."

"उणे पॉइंट सहासष्ट."

त्यांनी डोळे मिटले. उघडले ते तक्त्याकडे न बघता. खुर्चीवर बसले. मग उठले आणि स्वतः फर्नेसवर जाऊन मोजून आले. तेवढाच होता. येताना त्यांच्या हातात जस्ताचा एक ठोकळा होता, रिंगच्या तोंडाशी बसवलेला, हाताने काढता येण्यासारखा. त्यावर पांढरी कडक साय चढली होती. गरम, जड पाण्यात जस्तावर अशी साय येते आणि ते काम करणं सोडतं. ठोकळा जवळजवळ अख्खा होता.

"झिजला नाही," मी म्हणालो.

"नाही न," ते म्हणाले. "मग कोण झिजतंय?"

त्यांनी मला तक्त्यापुढे उभं केलं. आमच्या पाण्याचा पीएच साताच्या आसपास. तिथे लाल आणि हिरवा यांच्यामधली रेघ उणे पॉइंट बासष्टवर. उणे सहासष्ट त्या रेघेखाली, हिरव्यात. "आता फरशी मिळवा." मी मिळवली. उणे पॉइंट बेचाळीस. बोट वर सरकलं आणि 'गलेगा' या शब्दाच्या मधोमध जाऊन थांबलं.

पाळीतल्या माणसांनी काही चूक केली नव्हती. मीटरवर होतं ते वाचलं आणि भिंतीवर होतं ते पाहिलं.

शैलेंद्र साहेब फर्नेसचे अधिकारी होते. तरुण, हुशार, सतत घाईत. ते आले ते हसतच. "आइए डोणगावकर जी, छुट्टी मना के आए?"

"साहेब, फर्नेस थांबवावी लागेल. रिंग गळून राहिली आहे."

शैलेंद्र साहेबांनी तक्त्याकडे पाहिलं. बोट ठेवलं. "माइनस सिक्स्टी-सिक्स. ये रहा. बेफिक्र. आप ही का लिखा हुआ है."

"शून्य अलग है, साहेब." नीलूभाऊंनी समजावलं. फरशीसुद्धा सांगितली. शैलेंद्र साहेब मूर्ख नव्हते. मधेच त्यांचा चेहरा बदलला.

"तो ये चार्ट गलत है?"

"चार्ट सही है. मीटर भी सही है."

"फिर गलत क्या है?"

 नीलूभाऊ म्हणाले, "मी."

शैलेंद्र साहेब खुर्चीत बसले. जनरल मॅनेजरना त्यांनी कालच कळवलं होतं की रिंग सुरक्षित आहे, रविवारपर्यंत भट्टी चालेल. याच तक्त्याच्या आधारावर. आता जाऊन उलटं सांगायचं.

"एक बात बताइए. रविवार तक नहीं चलेगी? कितने दिन में छेद होगा?"

"ते हा नकाशा सांगत नाही. कदाचित महिना चालेल. कदाचित होऊन गेलं असेल."

"मैं उनको प्लस-माइनस नहीं समझा सकता. लड़ाई चल रही है, वो पूछेंगे, कल हरा था आज लाल कैसे?" साहेब उठले. "आप एक काम कीजिए. ऐसा चार्ट बनाइए जिसमें मीटर का नंबर सीधा बैठे. जोड़ना-वोड़ना कुछ नहीं. दोपहर की मीटिंग में मैं उनके सामने रख दूँगा. वो खुद उँगली रखेंगे, खुद देखेंगे. फर्नेस उसी वक्त बंद."

"दोपारपर्यंत भट्टी चालू ठेवायची?"

"बिना ऑर्डर मैं बंद नहीं कर सकता, आप जानते हैं."

नीलूभाऊंनी वाद घातला नाही. मला वाटतं त्यांना स्वतःच्या आवाजावर त्या दिवशी विश्वास उरला नव्हता. त्यांनी ड्रॉइंगचा मोठा कागद टेबलावर पसरला, कडांना वजनं ठेवली आणि पट्टी घेतली. मी दिवा जवळ ओढला.

काम अवघड नव्हतं. सगळा नकाशा पॉइंट चोवीसने खाली सरकवायचा. बासष्टची रेघ शहाऐंशीवर येते. मग मीटर उणे सहासष्ट म्हणालं की बोट सरळ लालमध्ये पडतं. मिळवायचं काही उरत नाही.

"हे सोपं होतं," ते काढता काढता म्हणाले. "भिंतीवरचा काढला तेव्हाच असा काढायला पाहिजे होता. मी पुस्तकातून जसाच्या तसा उतरवला. छान दिसावा म्हणून."

"तुम्ही होतात ना वाचायला."

"होतो न." त्यांनी पेन्सिलला टोक केलं. "चहा सांगा, बीए."

चहा आला. बशीतला त्यांनी पिऊन टाकला.

ते अक्ष आखत होते, आकडे घालत होते. प्रत्येक व्होल्टाआधी चिन्ह, मग थांबणं, मग आकडा. मी कोपऱ्यात मीटिंगसाठी सोबत द्यायचा मजकूर टाइप करत होतो. बाहेर फर्नेसचा घुमणारा आवाज होता. त्याची इतकी सवय झाली होती की तो ऐकू येत नसे. त्या दिवशी मला येत होता.

फोन मी उचलला. गणपत होता, पण आवाज लहान होता. त्याचा आवाज लहान असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"नीलूभैयाले दे."

मी दिला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. नीलूभाऊंचंच ऐकलं.

"कुठल्या बाजूनं?... थेंब की धार?... गणपत, ऐक. भट्टी हलवायची नाही. अजिबात वाकवायची नाही. करंट तोड. पाणी बंद कर आणि सगळे खाली उतरा... साहेब ऑफिसात आहेत, त्यांना मी सांगतो. तू तोड. माझ्या नावावर तोड... गणपत?... गणपत?"

लाईन गेली होती, की आवाजात बुडाली होती, कळलं नाही.

त्यांनी पेन्सिल कागदावर ठेवली, पट्टी न हलवता. "साहेबांना निरोप पाठवा," म्हणाले. "रिंग रडून राहिली म्हणावं." कोट तिथेच खुर्चीवर राहिला. मी पुढच्या मेजावरच्या फोनकडे गेलो आणि ते दाराकडे. दारातून वळून म्हणाले, "त्या कागदावर काही ठेवू नका."

पुढचं मला गणपतने सांगितलं. रुग्णालयात, दोन्ही हात पट्ट्यांत. साहेबांच्या हुकुमाशिवाय करंट तोडायला विजेच्या बोर्डावरचा माणूस तयार नव्हता. नीलूभाऊ पोचले आणि त्यांनी स्वतःच खटका ओढला. भट्टी शांत झाली. मग त्यांनी हात हलवून सगळ्यांना खाली उतरवलं. गणपत शेवटी उतरला. पाण्याचा व्हॉल्व्ह रिंगच्या मागे होता, वर. तो अजून उघडाच होता. नीलूभाऊ तिकडे गेले.

"मी म्हटलं, भैया, राहू द्या. त्यांनी हातानंच सांगितलं, जा." गणपतने पट्ट्यांतला हात तसाच हलवून दाखवला. "मळीवर पाण्याचं तळं झालं होतं. वर होतं तोवर नुसतं उकळत होतं. मग मळी कुरकुरली. मले ऐकू आलं. एका बाजूनं खचली."

  पुढचा आवाज मी ऐकला होता. प्रयोगशाळेच्या काचा काळ्या कागदासकट आत आल्या आणि कागदामुळे त्या विखुरल्या नाहीत, नुसत्या लोंबकळल्या. गावात लोकांना वाटलं बॉम्ब पडला.

खाली उतरलेले सगळे वाचले. गणपतचे हात भाजले. नीलूभाऊ तेवढे गेले.

आता लढाई संपून गेली आहे. गावात मिठाई वाटली गेली. फर्नेसला नवी रिंग आली, क्रोमेटही आलं. शैलेंद्र साहेबांची बदली झाली. जाण्याआधी ते एकदा प्रयोगशाळेत आले, भिंतीवरच्या तक्त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मला म्हणाले, "उस दिन मैंने दोपहर क्यों कहा?" 

इंदूवहिनी अजून त्याच घरात आहेत, मी अजून पुढच्या खोलीत. जानेवारीत बेबीचा वाढदिवस झाला. कुणी चौकटीपाशी गेलं नाही. संध्याकाळी ती स्वतःच पेन्सिल घेऊन माझ्याकडे आली. "दादा, जुन्या रेघांत फरशी किती मिळवायची?" मला माहीत नव्हतं. ते नीलूभाऊंच्या डोक्यात होतं.

टेबलावरचा कागद मी हलवू दिलेला नाही. त्यावर काही ठेवलेलंही नाही. वजनं कडांना आहेत. दोन्ही अक्ष पूर्ण आहेत, आकडे सगळे आहेत, प्रत्येक व्होल्टाआधी चिन्ह. रंग भरलेला नाही. तीन शब्दांपैकी एकही लिहिलेला नाही. उणे शहाऐंशीची रेघ डावीकडून, आम्लाच्या टोकापासून, सुरू होते. सरळ आहे, कुठे हललेली नाही. पट्टी अजून तिला लागून आहे. एक, दोन, तीन, असं करत ती सहाच्या थोडी पुढे येते.

आमचं पाणी साताला आहे. तिथपर्यंत ती पोचलेली नाही.